ग्रहणाच्या मॉडेलसमोर उभं राहून काय बोलायचं: सूर्य, चंद्र, पृथ्वीची मांडणी आणि चार मिनिटांचं भाषण

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेचं ग्रहणाचं मॉडेल होतं. मधे बल्ब, बाजूला पृथ्वीचा बॉल, तारेच्या रिंगवर चंद्राचा मणी, मागे चार्ट. माझ्या विद्यार्थिनीने छान घडाघडा सांगितलं, मग परीक्षकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "अमावस्या दर महिन्याला येते, मग सूर्यग्रहण दर महिन्याला का नाही?" तिने लगेच उत्तर दिलं, "चंद्राची कक्षा ५ अंशांनी कललेली आहे सर." परीक्षक म्हणाले, "बरं, ही रिंग ५ अंश कललेली आहे ना? मग फिरव." तिने मणी फिरवला, आणि रिंग कललेली असूनही मण्याची सावली बरोब्बर पृथ्वीवर पडली. पुन्हा फिरवला, पुन्हा पडली. पोरगी गप्प, आणि मीही गप्प, कारण मलाही तेव्हा कळेना की उत्तर बरोबर असून मॉडेल उलटं का दाखवतंय.

घरी येऊन कागदावर आकडे मांडले तेव्हा समजलं. कल बरोबर होता, अंतर खोटं होतं. आणि आपल्या शाळांमधून दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ग्रहणाच्या मॉडेलमधे हीच गोची आहे. त्यानंतर मी मॉडेलही बदललं आणि भाषणही, ते दोन्ही इथे सविस्तर लिहिते. पाचवी ते आठवीच्या पोरांना आणि बघायला येणाऱ्या पालकांना सांगायचं आहे हे धरून लिहिलंय.

आधी मांडणी, कारण भाषण तिच्यावरच उभं राहतं

सूर्याला ९ वॅटचा दुधी एलईडी बल्ब घ्या, त्याचा गोल भाग साधारण ६ सेमी रुंद असतो. पृथ्वीला टेबल टेनिसचा बॉल, तो ४ सेमीचा. चंद्राला १.१ सेमीचा मणी, नाहीतर शाडूची तेवढी गोळी, कारण खऱ्या पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी आणि चंद्राचा ३,४७४ किमी, म्हणजे पावणेचार पटीला किंचित कमी. हे प्रमाण पाळता येतं, तर पाळायचं. बल्बपासून पृथ्वी ७० सेमीवर, आणि पृथ्वीपासून चंद्र १० सेमीवर.

पृथ्वी बल्बपेक्षा लहानच हवी, हे फार महत्त्वाचं आहे. बरेच जण मोठा पृथ्वीगोल आणतात आणि सूर्य म्हणून छोटा बल्ब लावतात, मग पृथ्वीच्या मागची सावली लांब जाईल तशी पसरत जाते. खऱ्यात उलटं आहे, सूर्य मोठा असल्यामुळे गडद सावली लांब जाईल तशी निमुळती होत टोकाला संपते. मागे चार्टवर निमुळती सावली काढलेली आणि समोर मॉडेलमधे पसरणारी, असं झालं की बारीक नजरेचं पोरगं पकडतंच.

चंद्राची रिंग जाड जीआय तारेची, १० सेमी त्रिज्येची, पृथ्वीच्या काडीभोवती बसवलेली. पृथ्वी आणि रिंग मिळून एका वेगळ्या गोल लाकडी चकतीवर बसवा म्हणजे चकती उचलून बल्बभोवती फिरवता येईल. चकतीवर एक ठळक बाण काढा, याचं काम पुढे आहे. बल्बचा मध्य आणि पृथ्वीचा मध्य एकाच उंचीवर आला पाहिजे, दोऱ्याने ताणून बघा. बल्ब आडवा बसवला तर उंची जुळवायला सोपं जातं.

आणि हॉलमधल्या ट्यूबलाइट. हा सगळ्यात मोठा शत्रू. वरून उजेड आला की सावली पुसट होते आणि पालक म्हणतात "कुठंय सावली?" फ्रिजचा किंवा कूलरचा मोठा खोका आणा, तीन बाजू आणि वरचं झाकण ठेवा, आतून काळा कागद किंवा काळा रंग, समोरची बाजू उघडी. काळं करायचंच, कारण पांढऱ्या पुठ्ठ्यावरून उजेड परतून येतो आणि पृथ्वीची रात्रीची बाजूसुद्धा उजळते. होल्डरची जोडणी मोठ्या माणसाने करा, टेप नीट गुंडाळा, पोरं तिथे हात घालणारच.

आता कलाचं गणित, जिथे आमचं चुकलं होतं

आमच्या मॉडेलमधे चंद्र १० सेमीवर आहे. ५ अंश कल दिला तर चंद्र जास्तीत जास्त किती वर जाईल? एक सेमीसुद्धा नाही, साधारण ९ मिमी. आणि १० सेमी मागे पृथ्वीची गडद सावली किती रुंद आहे? जवळपास ३.७ सेमी. म्हणजे मणी ९ मिमी वर जाऊनही सावलीच्या आतच. पुढच्या बाजूला, सूर्यग्रहणाच्या वेळी, तसंच. म्हणून परीक्षकांसमोर दर फेरीला ग्रहण लागत होतं!

खऱ्यात चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किमीवर आहे, म्हणजे मधे ३० पृथ्व्या ओळीने मावतील. आपल्या टेबल टेनिसच्या बॉलसाठी ते १२० सेमी झालं असतं, आणि सूर्य तर जवळजवळ साडेचार मीटर रुंदीचा, ४७० मीटरवर. हे कुठल्याच टेबलावर बसत नाही. म्हणून अंतर कमी करावं लागतं, आणि अंतर कमी केलं की कल वाढवावाच लागतो. मी करून बघितलं, १० सेमीच्या रिंगला २० अंश कल दिला तर मणी ३.४ सेमी वर जातो आणि सावली दोन्ही बाजूंनी सुटते, विरळ सावलीसुद्धा. कोनमापक लावून २० अंश करा, डोळ्याने अंदाज नको.

पण हे लपवायचं नाही. रिंगजवळ एक चिठ्ठी लावा, "खरा कल सुमारे ५ अंश, इथे २० अंश दाखवला आहे कारण चंद्र खूप जवळ ठेवला आहे." आणि खरा ५ अंश पुरतो हे दाखवायला सोबत एक पट्टी ठेवा.

पट्टी अशी: शाळेची ३० सेमीची लाकडी पट्टी. एका टोकाला खराट्याच्या ४ सेमीच्या काडीवर १ सेमीची शाडूची गोळी, ही पृथ्वी. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच उंचीच्या काडीवर ३ मिमीपेक्षा किंचित लहान गोळी, हा चंद्र. झालं, आकारही खरे आणि अंतरही खरं, ३० पृथ्व्या म्हणजे ३० सेमी. आता चंद्राच्या काडीशेजारी आणखी एक काडी लावा, २.७ सेमी जास्त उंच, तिच्या टोकालाही तशीच बारीक गोळी. ३० सेमीवर ५ अंशांहून किंचित जास्त म्हणजे एवढीच उंची. पृथ्वी १ सेमीची आणि चंद्र २.७ सेमी वरून जातोय, मग सावली कशी पडणार? पोराने एक डोळा मिटून पट्टीच्या टोकाला डोळा लावला की त्याला स्वतःलाच दिसतं, सांगावं लागत नाही.

चार्टवरची आकृती

आकृतीत सूर्याच्या मध्यातून किरण काढायचे नाहीत, तिथेच निम्म्या आकृत्या बिघडतात. सूर्याच्या वरच्या कडेपासून चंद्राच्या वरच्या कडेला लागून एक रेषा, खालच्या कडेपासून खालच्या कडेला लागून दुसरी, या दोन रेषा मागे जाऊन एकमेकींना मिळतात आणि मधला निमुळता भाग म्हणजे गडद छाया, पुस्तकात प्रच्छाया. मग वरच्या कडेपासून चंद्राच्या खालच्या कडेला, आणि खालच्या कडेपासून वरच्या कडेला अशा दोन तिरप्या रेषा, त्यांच्यामधला पसरत जाणारा भाग ही विरळ छाया, म्हणजे उपच्छाया. चारच रेषा, पण चार रंगात काढा. भाषणात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे: "गडद भागातून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो, विरळ भागातून थोडा झाकलेला."

भाषण, टप्प्याटप्प्याने

सगळं मिळून चार मिनिटं. माणसं उभी असतात, मागे रांग असते, म्हणून व्याख्येपासून सुरुवात करू नका. मी व्याख्या सांगतच नाही, आधी मणी फिरवते.

पहिलं, चंद्राच्या कला आणि ग्रहण वेगळे करायचे. कितीतरी मोठ्या माणसांनाही वाटतं की अमावस्येला चंद्र दिसत नाही कारण त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते. हा गैरसमज आधी काढला नाही तर पुढचं सगळं त्यातच मिसळतं. बोलायचं असं:

"या, जवळ या. हा मणी बघा. अर्धा उजेडात आहे, अर्धा अंधारात. आता मी फिरवते, तुम्ही फक्त मण्याकडे बघा. अर्धा उजेड कायम आहे की नाही? आता मण्याला पृथ्वीच्या आणि बल्बच्या मधे आणते. उजेडाची बाजू बल्बकडे, आपल्याकडे अंधाराची बाजू. ही अमावस्या. इथे पृथ्वीची सावली कुठंय? तिकडे मागे. चंद्र तर पुढे आहे. म्हणजे अमावस्येला चंद्र दिसत नाही त्यात सावलीचा काही संबंध नाही."

फिरवताना वरून बघून घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. उत्तर ध्रुव वर धरला तर चंद्र तसाच फिरतो. घाईत पोरं उलटं फिरवतात.

दुसरं, सूर्यग्रहण. मणी मधे आणा, त्या जागी जिथे रिंग बल्बच्या उंचीला येते, आणि सावलीचा ठिपका बॉलवर पडू द्या. इथे थांबा. हा भाषणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे, घाई नको, लोकांना ठिपका सापडू द्या.

"दिसला काळा ठिपका? केवढा आहे? चार-पाच मिलिमीटर. आणि त्याच्याभोवती राखाडी धूसर गोल दिसतोय? काळ्या ठिपक्यात जो उभा आहे त्याला खग्रास, राखाडी भागात उभा आहे त्याला खंडग्रास, आणि बॉलच्या बाकीच्या भागातल्या माणसाला काहीच नाही, त्याच्याकडे नेहमीचं ऊन. २२ जुलै २००९ ला हा काळा ठिपका सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा गेला. सुरत खग्रासच्या पट्ट्यात होतं आणि मुंबई नव्हती, मुंबईला सूर्याची बारीक कोर उरलीच."

सुरतचं उदाहरण मी मुद्दाम घेते, कारण सुरत किती लांब आहे हे आपल्या पालकांना माहीत असतं, कितीतरी जणांचे नातेवाईक तिथे आहेत. खऱ्या पृथ्वीवर तो गडद पट्टा बहुतेक वेळा शे-दोनशे किलोमीटरचाच असतो हे मग आपोआप पटतं.

इथेच कुणीतरी विचारतं की एवढासा चंद्र एवढ्या मोठ्या सूर्याला झाकतो कसा. उत्तर छोटं ठेवा: सूर्य चंद्रापेक्षा रुंदीने ४०० पट मोठा आहे आणि जवळजवळ तेवढेच पट लांब आहे, म्हणून आकाशात दोघं सारखेच दिसतात.

तिसरं, कंकणाकृती. यासाठी रिंगच्या बाहेर एक सुटी काडी ठेवा, टोकाला तसाच मणी. तो पृथ्वीपासून १६ सेमीवर धरला की बॉलवरचा काळा ठिपका नाहीसा होतो, मधे फक्त राखाडी राहतं. याचं कारण चार्टवर दाखवा, गडद छायेचं टोक पृथ्वीला पोचायच्या आधीच संपलं.

"चंद्राची कक्षा अगदी गोल नाही. कधी तो ३ लाख ६० हजार किलोमीटरच्या आसपास येतो, कधी ४ लाखांच्या पुढे जातो. लांब असताना तो थोडा लहान दिसतो, सूर्याला पुरता झाकू शकत नाही आणि कडेने बांगडीसारखा सूर्य उरतो. २६ डिसेंबर २०१९ ला कन्नूर, कोइम्बतूरकडे असं कंकण दिसलं, आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र खंडग्रासच."

चौथं, चंद्रग्रहण. मणी मागे न्या, पृथ्वीच्या सावलीत. इथे एका खऱ्या रात्रीच्या वेळा सांगा, त्याने फार फरक पडतो. मी ७ सप्टेंबर २०२५ ची रात्र घेते, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, रविवार, सगळ्या भारतातून ते ग्रहण दिसण्यासारखं होतं.

"रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राची कड गडद सावलीला टेकली." (मण्याची कड सावलीत सरकवा.) "११ वाजून १ मिनिटाला चंद्र पूर्ण आत." (पूर्ण आत.) "आता तो ८२ मिनिटं आतच फिरत होता, कारण पृथ्वीची सावली तिथे चंद्राच्या अडीच पटीपेक्षा जास्त रुंद आहे. १२ वाजून २३ मिनिटांनी बाहेर यायला लागला, आणि १ वाजून २७ मिनिटांच्या सुमाराला पूर्ण सुटला. चंद्रग्रहण ज्यांच्याकडे रात्र आहे त्या सगळ्यांना एकदम दिसतं, कारण सावली चंद्रावर पडलीय आणि चंद्र तर सगळ्यांना तोच."

खग्रासात चंद्र तांबूस दिसतो तो रंग मॉडेलमधे येत नाही. लाल जिलेटिन चिकटवून फसवू नका, तोंडाने सांगा: पृथ्वीभोवतीच्या हवेतून सूर्याचा थोडा उजेड वळून सावलीत शिरतो, निळा रंग वाटेत विखुरला जातो आणि तांबडा उरतो, जसा आपल्या संध्याकाळच्या आकाशात.

पाचवं, आणि मॉडेल ज्यासाठी बनवलंय ते: दर महिन्याला का नाही.

रिंग दोन ठिकाणी बल्बच्या उंचीला येते, एकीकडे वर चढताना, एकीकडे खाली उतरताना. त्या दोन जागांवर लाल दोरा बांधा आणि दोन चिठ्ठ्या लावा: राहू, केतू. आपल्या जुन्या खगोलगणितात या दोन छेदबिंदूंनाच राहू-केतू म्हणतात. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारालाच लिहून ठेवलंय की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. आजी-आजोबा समोर असतील तर इथे त्यांचे चेहरे बघा, राहू-केतू त्यांच्या ओळखीचे आहेत आणि ते या तारेवर सापडले की त्यांना आपलेपणा वाटतो.

आता चकतीवरचा बाण. बाण हॉलच्या खिडकीकडे करा. अशा जागी ठेवा की दोन्ही लाल दोरे आणि बल्ब एका ओळीत येतील. मणी फिरवा, अमावस्येला सूर्यग्रहण, पौर्णिमेला चंद्रग्रहण. मग चकती उचला, बल्बभोवती पाव फेरी न्या, म्हणजे तीन महिने गेले, पण बाण खिडकीकडेच ठेवा! बाण बल्बकडे वळवलात की सगळं फसलं, कारण खरी कक्षा पृथ्वीबरोबर सूर्याभोवती जाताना आपली दिशा जवळजवळ तीच ठेवते.

"आता मणी फिरवते. अमावस्या आली, सावली कुठे गेली? पृथ्वीच्या वरून. पौर्णिमा आली, मणी कुठंय? सावलीच्या खालून गेला. ग्रहण नाही. अजून पाव फेरी नेते, सहा महिने झाले, आणि बघा, दोरे पुन्हा बल्बच्या ओळीत, पुन्हा ग्रहण. म्हणजे वर्षातून साधारण दोनदा ग्रहणांचा मोसम येतो."

आणि लगेच तारखा सांगा म्हणजे ते खरं वाटतं. २०२५ मधे १४ मार्चला चंद्रग्रहण, २९ मार्चला सूर्यग्रहण, मग थेट ७ सप्टेंबर आणि २१ सप्टेंबर. दोन जोड्या, मधे जवळपास सहा महिने. आपल्याकडून त्यातलं सप्टेंबरचं चंद्रग्रहणच दिसलं, बाकीची दुसऱ्या देशांत. २०२६ च्या तारखा १७ फेब्रुवारी, ३ मार्च, १२ ऑगस्ट, २८ ऑगस्ट. मोसम तीन आठवड्यांच्या आसपास अलीकडे सरकला, कारण ते लाल दोरेही हळूहळू मागे सरकतात आणि साडेअठरा वर्षांत एक पूर्ण फेरी मारतात. ही शेवटची गोष्ट फक्त कुणी विचारली तरच सांगा.

मग चिठ्ठी वाचून दाखवा, "इथे कल २० अंश केलाय", आणि पट्टी हातात द्या. परीक्षकांसमोर तर हे विचारायच्या आधीच सांगा.

प्रदर्शनाच्या दिवशी काय बिघडतं

काळा ठिपका दिसत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त. आधी चंद्राचं अंतर मोजा, रिंग वाकून १५ सेमीच्या आसपास झाली असेल तर गडद टोक पोचतच नाही, नकळत कंकणाकृती झालेलं असतं. अंतर बरोबर असूनही दिसत नसेल तर बल्ब ६ सेमीपेक्षा मोठा आहे का बघा. तातडीचा उपाय म्हणजे काळ्या कागदाला ३ सेमीचं गोल भोक पाडून बल्बसमोर लावायचं, सूर्य लहान झाला की गडद ठिपका मोठा आणि ठळक होतो. पण मग सूर्य पृथ्वीपेक्षा लहान झाला, म्हणून चंद्रग्रहण दाखवताना कागद काढून घ्या.

पारदर्शक काचेचा बल्ब आणू नका, त्याचा उजेड बारीक जागेतून येतो, सावलीची कड धारदार होते आणि राखाडी भाग जवळजवळ जातोच. खंडग्रास मग दाखवणार कशावर?

मणी ग्रहणाच्या जागेवर आणताना आपलाच हात बल्बच्या आड येतो. मण्याला खालून १५ सेमीची पातळ काडी लावा आणि खालून फिरवा, वरून नको. मी दोन वर्षं वरून फिरवत होते आणि लोकांना माझ्या बोटांची सावली दिसत होती.

पट्टी उन्हात नेऊन दाखवायची असेल तर ते फारच सुंदर दिसतं, कारण खऱ्या सूर्याची आकाशातली रुंदी अर्धा अंश आणि आपली पट्टी खऱ्या प्रमाणात, त्यामुळे बारीक गोळीची सावली १ सेमीच्या पृथ्वीवर पुसट ठिपक्यासारखी पडते, खऱ्या ग्रहणाइतकीच जेमतेम. पण पाठ सूर्याकडे, डोळे फक्त गोळीवर. पोरांना पट्टीवरून सूर्याकडे नेम धरून बघू द्यायचं नाही, हे आधी सांगा, मगच पट्टी द्या.

लोक विचारतात ते

"काळी काच, एक्स-रेची फिल्म चालते का ग्रहण बघायला?" नाही. दिसणारा प्रकाश कमी झाला तरी न दिसणारे किरण आत येतात, आणि डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही म्हणून इजा होताना कळतही नाही. आयएसओ १२३१२-२ लिहिलेले ग्रहणाचे चष्मे वापरा, तेही ओरखडे नसलेले. नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडा. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी खुशाल बघा.

"गरोदर बाईने भाजी चिरली तर?" हा प्रश्न येतोच, आणि विचारणारी बाई बऱ्याचदा खरंच घाबरलेली असते, तिच्या सासूने तिला दिवसभर बसवून ठेवलेलं असतं. तिला हिणवू नका, पोरांना हसू देऊ नका. मी मणी मधे आणते आणि म्हणते, "ताई, हात इथे धरा, बॉलवर. ठिपका तुमच्या बोटावर पडला बघा. काय लागलं हाताला? थोडा वेळ ऊन कमी, बस. ढग आल्यावरही ऊन कमी होतंच ना, तेव्हा आपण भाजी चिरतोच की." एवढंच. आणि पूर्वी ग्रहणात "दे दान, सुटे गिऱ्हाण" म्हणत येणाऱ्यांना धान्य द्यायची रीत होती, कुणी आजी ती आठवण सांगायला लागल्या तर ऐकून घ्या, पोरांनाही ऐकू द्या.

"पुढचं कधी?" याची तयारी ठेवा. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमधल्या लक्सरकडे सहा मिनिटांहून जास्त खग्रास आहे, आणि आपल्याकडे पश्चिम भारतातून ते खंडग्रास, त्या दिवशी पावसाळी ढग हटले तर. भारताच्या जमिनीवरून खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ ला, लडाखच्या बाजूला. आणि त्याआधी खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री, मध्य साधारण १० वाजून २२ मिनिटांनी, अख्ख्या भारतातून. पोरांना तारीख वहीत लिहून घ्यायला सांगा, आणि त्या रात्री गच्चीवर गेल्यावर सावली चंद्राच्या कुठल्या बाजूने चढायला लागते ते बघायला सांगा. पूर्वेकडच्या कडेने, कारण चंद्र पूर्वेकडे सरकत सावलीत शिरतो, मणी फिरवताना दिसतं तसंच.